कॅट पिसला की किती बिट?

बावन्न पत्त्यांचा एक कॅट घ्या, नीट पिसा आणि पालथा ठेवा. आता सांगा, या गठ्ठ्यात किती माहिती दडली आहे?

प्रश्न वेडगळ वाटेल. गठ्ठ्याचं वजन विचारलं असतं तर तराजू होता, लांबी विचारली असती तर पट्टी होती. माहितीला कसलं आलंय माप? पण माप आहे, आणि उत्तर चक्क दशांश चिन्हापर्यंत देता येतं: २२५.५८ बिट. हा आकडा कुठून आला ते पाहिलं, की पत्ते किती वेळा पिसावेत इथपासून ते १९९९ साली इंटरनेटवरच्या एका जुगाराचं बिंग कसं फुटलं इथपर्यंतचा हिशेब त्यातून आपोआप सुटतो. आणि सगळ्या हिशेबाला लागणारं गणित शाळेतल्या लॉग टेबलाच्या पुढे जात नाही!

बावन्नच्या आधी बत्तीस घेऊ. तीनशे चार खेळणाऱ्यांना हा कॅट पाठ असतो: सत्तीपासून एक्क्यापर्यंत आठ पत्ते आणि चार रंग. मी त्यातला एक पत्ता मनात धरला आहे. तुम्ही फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ असं उत्तर येईल असे प्रश्न विचारायचे. किती प्रश्नांत पत्ता सापडेल?

लाल आहे का? नाही. राहिले सोळा. इस्पिक आहे का? हो. राहिले आठ. गुलाम, नव्वी, एक्का, दश्शी यांपैकी आहे का? हो. राहिले चार. गुलाम किंवा नव्वी? नाही. राहिले दोन. एक्का? हो. इस्पिकचा एक्का सापडला, पाच प्रश्नांत. मी दुसरा कुठलाही पत्ता धरला असता तरी पाचच लागले असते, एक कमी नाही की एक जास्त नाही. कारण प्रत्येक प्रश्न उरलेल्या शक्यतांचे बरोबर दोन भाग करतो, आणि ३२ पाच वेळा निम्मे केले की १ उरतो. दुसऱ्या बाजूने पाहिलं तर २ × २ × २ × २ × २ = ३२. दोनाचा कितवा घात घेतला की ३२ येतात? पाचवा. या ‘कितव्या’लाच दोन पायाचा लॉग म्हणतात. सारख्याच शक्यतेच्या N गोष्टींपैकी नेमकी एक कळली, की मिळालेली माहिती log₂ N बिट. आमच्या बत्तीस पत्त्यांसाठी ती पाच बिट.

आता एखादा उतावळा गडी पहिलाच प्रश्न टाकतो, ‘इस्पिकचा एक्का आहे का?’ उत्तर ‘हो’ आलं तर एका फटक्यात पाच बिट खिशात! मग हा प्रश्न आपल्या अर्ध्याअर्ध्याच्या प्रश्नापेक्षा भारी नाही का? जरा थांबा. बत्तीस वेळांपैकी एकतीस वेळा उत्तर ‘नाही’ येणार. त्या ‘नाही’ने शक्यता बत्तिसाच्या एकतीस झाल्या, म्हणजे मिळाले log₂ (३२/३१) = ०.०४६ बिट. जवळजवळ काहीच नाही. दोन्हींची सरासरी काढा: बत्तिसातून एकदा ५, एकतीस वेळा ०.०४६. येते ०.२, म्हणजे एका बिटाचा पाचवा हिस्सा. लॉटरीचं तिकीटही असंच असतं, लागलं तर फार आणि बहुतेकदा शून्य. हो-नाहीच्या कुठल्याही प्रश्नातून सरासरी एका बिटापेक्षा जास्त माहिती निघूच शकत नाही, आणि तेवढी निघायला ‘हो’ आणि ‘नाही’ यांना सारखीच संधी असावी लागते. चतुर प्रश्न कुठला हे ठरवायला आता अंदाजाची गरज उरली नाही. गणित करून सांगता येतं!

लॉगच का, साधी शक्यतांची संख्या का नको? हा प्रश्न अमेरिकेतल्या बेल टेलिफोन लॅबोरेटरीजमधल्या राल्फ हार्टली या इंजिनिअरला पडला होता. तारेतून किती संदेश जातो हे मोजायचं होतं, आणि संदेशाचा अर्थ काय, तो महत्त्वाचा की फालतू, याच्याशी तारेला काही देणंघेणं नव्हतं. १९२८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात त्याने अर्थ सरळ बाजूला ठेवला आणि एवढंच विचारलं की पाठवणाऱ्यापुढे किती पर्याय होते. मग त्या संख्येचा लॉग घेतला. कारण साधं आहे. एका तारेऐवजी दोन तारा टाकल्या तर माहिती दुप्पट व्हावी असं कुणालाही वाटेल. पण पर्याय दुप्पट होत नाहीत, त्यांचा गुणाकार होतो. गुणाकाराची बेरीज करून देणारं यंत्र गणितात एकच आहे, ते म्हणजे लॉग. वीस वर्षांनी, १९४८ मध्ये, त्याच संस्थेतल्या क्लॉड शॅननने याच पायावर संदेशवहनाचा आख्खा सिद्धांत उभा केला. त्याने पाया दोन घेतला आणि एककाला ‘बिट’ म्हटलं. हे नाव जॉन ट्यूकी या संख्याशास्त्रज्ञाने सुचवल्याचंही त्याने तिथेच नोंदवून ठेवलं.

गुणाकाराची बेरीज होते म्हणजे काय, ते बावन्न पत्त्यांत डोळ्यांनी दिसतं. रंग चार, म्हणजे २ बिट. प्रत्येक रंगात पत्ते तेरा, म्हणजे log₂ १३ = ३.७० बिट. दोन्ही मिळून ५.७०. आणि थेट log₂ ५२ काढलात तरी ५.७०! तुम्ही आधी रंग विचारा आणि मग पत्ता, किंवा आधी ‘चित्र आहे का’ विचारून मग रंगाकडे वळा. कुठल्याही वाटेने गेलात तरी शेवटी हातात पडणाऱ्या बिटांची बेरीज तीच. माहिती हप्त्याहप्त्याने घेतली म्हणून वाढत नाही आणि घटतही नाही.

पण ५.७० प्रश्न म्हणजे काय? प्रश्न पाऊण कसा विचारायचा? शंका अगदी रास्त आहे. बावन्नचे सव्वीस होतात, सव्विसाचे तेरा, आणि तिथे गाडी अडते. तेराचे सात आणि सहा करावे लागतात, साताचे चार आणि तीन. उत्तम खेळ केला तरी बावन्नपैकी बारा पत्ते पाच प्रश्नांत सापडतात आणि उरलेल्या चाळिसांना सहा लागतात. सरासरी ५.७७. म्हणजे ५.७० च्या जवळ, पण थोडी वरच. हा वरचा तुकडा वाया जातो तो दोन भाग सारखे पडत नाहीत म्हणून.

आता गंमत बघा. सात मित्र, प्रत्येकाकडे स्वतःचा कॅट, आणि प्रत्येकाने एकेक पत्ता ओढला आहे. प्रत्येकाला वेगवेगळं विचारत बसलात तर सातही जणांची पक्की खात्री मिळायला बेचाळीस प्रश्न धरावे लागतील. त्याऐवजी सातही पत्त्यांच्या सगळ्या जोडण्यांची एकच यादी करा. तिच्यात ५२ चा सातवा घात, म्हणजे सुमारे १ लाख २ हजार ८०७ कोटी ओळी येतील. दोनाचा चाळिसावा घात आहे सुमारे १ लाख ९ हजार ९५१ कोटी. यादी त्यात मावली! म्हणजे ‘तुम्हा सर्वांचा मिळून पत्ता यादीच्या पहिल्या अर्ध्यात आहे का’ असं विचारत गेलात तर चाळीस प्रश्नांत सातही पत्ते हमखास सापडतात. माणशी ५.७१४. मित्र वाढवत न्या, आणि माणशी खर्च ५.७०च्या, नेमकं सांगायचं तर ५.७००४४च्या, हवा तितका जवळ नेता येतो. खाली मात्र कधीच जाणार नाही. अपूर्णांकातले बिट ही कागदावरची सोय नव्हे, एकगठ्ठा व्यवहारात तो खराखुरा भाव आहे.

आता आख्ख्या कॅटकडे वळू. वरून पहिला पत्ता उलटा: बावन्नपैकी कुठलाही, ५.७० बिट. दुसरा: एक्कावन्नपैकी कुठलाही, ५.६७. असे उलटत जा. सव्वीस पत्ते उलटून झाले, सव्वीस उरले, की पुढच्या पत्त्याची किंमत ४.७० होते, पहिल्यापेक्षा बरोबर एका बिटाने कमी, कारण शक्यता निम्म्या झाल्या. शेवटून दुसरा पत्ता फक्त एक बिट देतो. आणि शेवटचा? शून्य. एक्कावन्न पत्ते पाहिलेल्या माणसाला तो उलटून दाखवायची गरजच नाही. मेंढीकोटमध्ये पडलेले पत्ते मोजणारा खेळाडू शेवटच्या दोन-तीन हातांत इतका निर्धास्त का असतो, याचं गणित हेच आहे. समोरच्याच्या हातातल्या पत्त्यांत त्याच्यासाठी बिटच उरलेले नसतात.

ही सगळी बेरीज २२५.५८ होते. पत्ते किती क्रमांनी लागू शकतात ती संख्या आहे ५२ × ५१ × ५० × … × १, म्हणजे ८ वर ६७ शून्यं एवढी. अडुसष्ट आकडी! प्रामाणिकपणे पिसलेला प्रत्येक कॅट बहुधा पृथ्वीवर याआधी कधीच न आलेल्या क्रमात असतो. पण लॉगने त्या राक्षसाला २२६ हो-नाहीच्या प्रश्नांत बसवून टाकलं. मोबाइलच्या एका साध्या एसएमएसमध्ये ११२० बिट मावतात. इंग्रजीची १६० अक्षरं प्रत्येकी ७ बिटांची, किंवा देवनागरीची ७० प्रत्येकी १६ बिटांची, गुणाकार दोन्हीकडे तोच. म्हणजे त्या अडुसष्ट आकडी ढिगाऱ्यातून नेमका तुमचा क्रम उचलून दाखवायला एसएमएसचा पाचवा हिस्सा जवळजवळ पुरतो. जवळजवळ, कारण पाच कॅट बसवायला गेलात तर अवघे आठ बिट कमी पडतात. मला स्वतःला हे आठ बिट उगाच खटकतात.

इथपर्यंत गृहीत धरलं की कॅट ‘नीट’ पिसलेला आहे, म्हणजे सगळे क्रम सारख्याच शक्यतेचे आहेत. लॉगचं सूत्र त्या एका अटीवर उभं आहे. दुकानातून आणलेल्या कोऱ्या कॅटमध्ये किती बिट? शून्य. त्याचा क्रम सगळ्यांना माहीत असतो. मग हे २२५.५८ बिट त्यात शिरतात कसे? अर्थात पिसल्याने. तर मग एकदा पिसल्याने किती शिरतात?

कॅटचे दोन भाग करून, दोन्ही अंगठ्यांनी फर्रर्र आवाज करत पत्ते एकमेकांत गुंफायची ती पद्धत घ्या. पिसून झाल्यावर वरपासून प्रत्येक पत्त्याला विचारा, तू डाव्या हातातून आलास की उजव्या? बावन्न उत्तरं मिळतील, प्रत्येक दोनांपैकी एक. ही बावन्न उत्तरं माहीत असली की त्या पिसण्याबद्दल आणखी काहीही सांगायचं उरत नाही. ‘डावा’ किती वेळा आला त्यावरून कॅट कुठे काटला ते कळतं, आणि प्रत्येक हातातल्या पत्त्यांचा आपसातला क्रम तर बदललेलाच नसतो. म्हणजे एका पिसण्यात फार तर ५२ बिट! खरं तर किंचित कमीच, कारण ‘आधी सगळे डावे, मग सगळे उजवे’ अशा ५३ प्रकारांत कॅट होता तसाच राहतो. पण तेवढ्याने आपला हिशेब हलत नाही.

या पिसण्याचं गणिती रूप १९५५ मध्ये बेल लॅब्जमध्येच एडगर गिल्बर्ट याने लिहून काढलं, आणि त्या विचारात त्याचा जोडीदार होता क्लॉड शॅनन. बिटांचा जनक पत्ते पिसण्यावर डोकं लढवतो आहे, यात नवल ते काय!

आता भागाकार करा. चार वेळा पिसलं तर फार तर ४ × ५२ = २०८ बिट. लागतात २२५.५८. साडेसतरा बिटांची तूट. साडेसतरा म्हणजे किरकोळ वाटतं? दोनाचा साडेसतरावा घात सुमारे दोन लाख होतो. म्हणजे चार वेळा कितीही कौशल्याने पिसा, एकूण क्रमांपैकी दोन लाखांतला जेमतेम एक तुमच्या आवाक्यात येतो. बाकीचे घडूच शकत नाहीत. यासाठी एकही पत्ता हातात घ्यावा लागला नाही, की एकही प्रयोग करावा लागला नाही. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार, एवढ्या शहाणपणावर केलेली ही वजाबाकी आहे.

पाच वेळा पिसलं तर २६० बिट, म्हणजे आड भरला. मग झालं का काम? इथे या मापाची मर्यादा दिसते, आणि ती नीट पाहण्यासारखी आहे. कॅट पिसताना मूळ चढता क्रम साखळ्यांमध्ये तुटत जातो, आणि एका पिसण्यात एका साखळीच्या फार तर दोन होतात. पाच पिसण्यांनंतर फार तर ३२ साखळ्या. पण कॅट मूळच्या बरोबर उलट्या क्रमात लागायचा असेल तर बावन्नही पत्ते सुटे व्हावे लागतात. तेव्हा पाच पिसण्यांत तो क्रम येणं अशक्य, बिट कितीही असले तरी. पुरेसे बिट असणं ही किमान अट झाली. ते बिट योग्य जागी पडलेत का, हे बिटांची बेरीज सांगत नाही.

ते सांगितलं डेव्ह बायर आणि पर्सी डायकॉनिस या गणितज्ञांनी १९९२ मध्ये. डायकॉनिस गणितात येण्याआधी व्यावसायिक जादूगार होता, त्यामुळे हाताला पत्त्यांची सवय होती. कॅट आदर्श मिसळणीपासून किती दूर आहे याचं ० ते १ असं माप त्यांनी वापरलं. १ म्हणजे मुळीच न मिसळलेला. चार पिसण्यांपर्यंत हे माप जवळजवळ १ वरच चिकटून राहतं. पाचव्याला ०.९२, सहाव्याला ०.६१, सातव्याला ०.३३, आणि पुढे दर वेळी साधारण निम्मं. म्हणून जुगारघरांपासून क्लबांपर्यंत ‘सात वेळा पिसा’ हा सल्ला पसरला. आपण पाचच्या खाली जाता येणार नाही हे नुसत्या वजाबाकीने काढलं होतं. खरं उत्तर सात. मला वाटतं, एवढ्या फुकटच्या हिशेबाने एवढं जवळ जाणं म्हणजे कमाल आहे.

पण आपल्याकडे बहुतेक घरांत तशी फर्रर्र पद्धत कोण वापरतं? आपण एका हातातून दुसऱ्या हातात थोडे थोडे पत्ते टाकत पिसतो. समजा एका फेरीत कॅटचे सात गट पडले. एक्कावन्न फटींपैकी सहा ठिकाणी तो तुटला. अशा निवडी होतात सुमारे १ कोटी ८० लाख, म्हणजे फेरीला २४ बिट. २२५.५८ भागिले २४, तेव्हा निदान दहा फेऱ्या तरी हव्यातच. आणि प्रत्यक्षात? गटातले शेजारी शेजारीच राहतात, एकमेकांना सोडतच नाहीत, त्यामुळे खरा आकडा हजारांच्या घरात जातो. मागच्या डावात एकत्र पडलेली बदामची राणी आणि राजा पुढच्या डावात पुन्हा एकाच्याच हातात का येतात, याची तक्रार नशिबाकडे करू नका.

हाताने पिसण्याचं एवढं झंझट, तर कॉम्प्युटरकडून पिसून घ्यावं. तो ना थकतो, ना शेजारी चिकटवून ठेवतो. असंच सगळ्यांना वाटत होतं. इंटरनेटवर पैसे लावून खेळायच्या पोकरचं सॉफ्टवेअर एएसएफ सॉफ्टवेअर ही कंपनी पुरवत होती. खेळ सचोटीचा आहे हे दाखवायला त्यातला पत्ते पिसणारा प्रोग्रॅम जाहीरच करून टाकला होता. सॉफ्टवेअरची सुरक्षितता तपासणाऱ्या गॅरी मॅकग्रॉ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये तो वाचला, आणि त्यांच्या लक्षात आलं की यात बिटच नाहीत.

कॉम्प्युटर स्वतःहून यादृच्छिक आकडे काढू शकत नाही. त्याला सुरुवातीला एक ‘बीज’ आकडा द्यावा लागतो, आणि पुढचे सगळे आकडे त्या बीजातून ठरावीक गणिताने निघतात. बीज तेच, तर क्रमही तोच. या प्रोग्रॅममध्ये बीज ठेवायला ३२ बिटांची जागा होती. म्हणजे क्रम जास्तीत जास्त ४२९ कोटी. ऐकायला भरपूर, पण लागत होते २२५.५८ बिट! आणि ते ३२ सुद्धा खरे नव्हते. बीज येत होतं घड्याळातून: मध्यरात्रीपासून किती मिलिसेकंद झाले. दिवसात मिलिसेकंद ८ कोटी ६४ लाख. लॉग घ्या, २६.४ बिट. बस्स. अडुसष्ट आकडी क्रमांच्या महासागरातून हा प्रोग्रॅम दिवसभरात फार तर पावणेनऊ कोटी क्रम वापरत होता.

आता खेळाडूच्या बाजूने हिशेब करा. टेक्सस होल्डेम नावाच्या प्रकारात तुम्हाला दोन पत्ते मिळतात आणि मग टेबलावर तीन पत्ते सगळ्यांसाठी उघडे पडतात. पाच पत्ते तुम्हाला दिसले. क्रमासकट धरले तर ५२ × ५१ × ५० × ४९ × ४८, म्हणजे सुमारे ३१ कोटी शक्यतांपैकी एक. २८.२ बिट! प्रोग्रॅमच्या पोटात सगळे मिळून २६.४ आणि तुमच्या डोळ्यांसमोर २८.२. त्याने लपवलेल्यापेक्षा जास्त माहिती त्याने स्वतःच दाखवून टाकली होती. दिवसातलं प्रत्येक मिलिसेकंद तपासून बघा, त्या पाच पत्त्यांशी जुळणारं बीज बहुधा एकच निघेल, आणि एकदा बीज सापडलं की उरलेले सत्तेचाळीस पत्तेही सापडले. कुणाच्या हातात काय आहे आणि टेबलावर पुढे काय पडणार, सगळं.

त्या मंडळींनी आणखी एक केलं. आपलं घड्याळ कंपनीच्या सर्व्हरशी मिळवून घेतलं. मग शक्यता उरल्या सुमारे दोन लाख. साडेसतरा बिट, मघाशी भेटलेलाच आकडा. पाच पत्त्यांनी दिलेल्या ३१ कोटींच्या चाळणीतून दोन लाख बीजं गाळली, तर चुकीचं बीज योगायोगाने जुळायची शक्यता दीड हजारात एक. खेळ चालू असतानाच उत्तर मिळत होतं. त्यांनी ते पैसे कमवायला न वापरता जाहीर केलं, हे त्या कंपनीचं भाग्य.

यातली खरी मेख अशी की कितीही डाव पाहून ही चोरी नुसत्या डोळ्यांनी पकडता आली नसती. पत्ते अगदी छान मिसळलेले दिसले असते. एक्के जास्त येत आहेत, लाल रंग कमी पडतो आहे, असं काही जाणवलं नसतं. दोष दिसतो तो फक्त उगमाकडे जाऊन आत किती बिट शिरले हे मोजल्यावर. म्हणून असा प्रोग्रॅम तपासणारा माणूस आधी बीजाकडे जातो. बीज किती बिटांचं, आणि त्यातले बाहेरच्याला खरोखर अज्ञात असे किती? घड्याळातला तास आणि मिनिट कुणालाही माहीत असतात, ते बिट मोजायचे नाहीत.

आजच्या कॉम्प्युटरवर सुरक्षिततेसाठी साधारण २५६ बिटांचं बीज वापरतात. एका कॅटला २२६ लागतात, तेव्हा तिथे काळजी मिटली. रमीचं काय? रमीला दोन कॅट. जोकर बाजूला ठेवले तरी १०४ पत्ते. ते सगळे वेगळे असते तर ५५१.५ बिट झाले असते, पण प्रत्येक पत्त्याला एक जुळं भावंड आहे. बदामच्या दोन दश्श्यांची अदलाबदल केली तर खेळात काहीच बदलत नाही. प्रत्येक जुळ्यामागे ‘यातली पहिली कुठली’ हा एक प्रश्न निरर्थक ठरतो, म्हणजे बरोबर एक बिट कमी. बावन्न जुळी, बावन्न बिट वजा. उरले ४९९.५.

म्हणजे २५६ बिटांच्या बीजातून रमीचे बहुतेक सगळे क्रम कधीच निघू शकत नाहीत. आवाक्यातला वाटा दोनाच्या २४३ व्या घातात एक. मग ती रमी खोटी म्हणायची का? माझ्या मते नाही. पोकरमध्ये घात झाला तो सगळे क्रम आवाक्यात नव्हते म्हणून नव्हे, जे होते ते मोजून काढण्याइतके थोडे होते म्हणून. पावणेनऊ कोटी बीजं एक कॉम्प्युटर चहा उकळेपर्यंत तपासून टाकेल. दोनाचा २५६ वा घात म्हणजे अठ्ठ्याहत्तर आकडी संख्या. तेवढी बीजं जगातले सगळे कॉम्प्युटर मिळूनही तपासू शकणार नाहीत. ज्याला तरीही हिशेब पुरा हवा असेल, त्याने बीज ५१२ बिटांचं घ्यावं. रमीचे ४९९.५ त्यात बसतात आणि वर साडेबारा उरतात.